ट्रोपोनिन वाढलंय, पण कशामुळे?

सत्तरीचे एक गृहस्थ, आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे. रात्री छाती जड वाटू लागली म्हणून मुलाने त्यांना दवाखान्यात आणलं. ट्रोपोनिन टी आलं 40, आणि शेजारी छापलेली मर्यादा 14. ‘बाबांना अटॅक आलाय’ असे फोन घरून सुरूही झाले. डॉक्टरांनी मात्र तासाभराने पुन्हा रक्त घ्यायला सांगितलं आणि जुनी फाइल मागितली. (उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण कॅज्युअल्टीत अशी माणसं नेहमी येतात.)

तासाभराने आकडा आला 41, तीन तासांनी 42. फाइलमध्ये चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट सापडला, त्यात 39. ईसीजीही पूर्वीसारखाच. ट्रोपोनिन वाढलेलं होतं हे खरं. पण ते त्या रात्री वाढलेलं नव्हतं.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायू आकुंचन पावतो त्या तंतूंना ते चिकटलेलं असतं. अगदी थोडा भाग पेशीतल्या द्रवात मोकळा असतो. रक्तवाहिनी बंद पडून पेशी मरू लागल्या की आधी हा मोकळा साठा रक्तात उतरतो. मग तंतू हळूहळू विरघळतात आणि कित्येक दिवस ट्रोपोनिन पाझरत राहतं. म्हणून त्याची चढण उभी असते आणि उतार लांबलचक. आजच्या अतिसंवेदनशील तपासण्यांत वाढ बहुधा एक ते तीन तासांत दिसू लागते, साधारण बारा ते चोवीस तासांत शिखर गाठलं जातं, आणि पातळी पूर्ववत व्हायला आठवडा, ट्रोपोनिन टीच्या बाबतीत कधी दोन आठवडेही लागतात.

आता दुसरा रुग्ण घेऊ. पन्नाशीची बाई, जबड्यापर्यंत गेलेली कळ, दरदरून घाम. कळ सुरू होऊन पाऊण तासच झालेला. ट्रोपोनिन 11, म्हणजे कागदावर नॉर्मल. या रिपोर्टवर तिला घरी पाठवलं तर घात होईल. तासाभराने 34, तीन तासांनी 260. पहिला आकडा खोटा नव्हता, तो फार लवकर घेतला गेला होता. उलट, दुखणं अंगावर काढून तिसऱ्या दिवशी आलेल्या माणसाचे दोन आकडे, समजा 1400 आणि 1370, जवळपास सारखेच दिसतात, कारण तो उतारावर असतो. म्हणून कळ नेमकी किती वाजता सुरू झाली हा प्रश्न डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात. घरचे त्याला कंटाळतात, पण त्या वेळेशिवाय आकड्याला अर्थ नाही.

इथे एक गफलत हटकून होते. आकडा चढतोय म्हणजे हार्ट अटॅकच, असंही नाही. चढउतार एवढंच सांगतो की हृदयाच्या स्नायूला ताजी इजा झाली आहे. ती कोणी केली हे तो सांगत नाही. 2018च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार अटॅक म्हणायला चढउताराबरोबर रक्तपुरवठा तुटल्याचा पुरावाही लागतो: तशी कळ, ईसीजीतले नवे बदल, इकोत एखादी भिंत नीट न हलणं किंवा ॲन्जिओग्राफीत दिसलेली गुठळी.

पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली की उजव्या कप्प्यावर ताण येतो आणि ट्रोपोनिन चढतं. डेंग्यूसारख्या विषाणूने स्नायूलाच सूज आली तरी चढतं, आणि तो रुग्ण बऱ्याचदा तरुण असतो. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, ठोके दीडशेच्या पुढे धावत राहिले किंवा रक्तस्रावाने हिमोग्लोबिन एकदम खाली आलं, तर स्नायूची गरज आणि पुरवठा यांचा मेळ बसत नाही. जबर मानसिक धक्क्यानंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो. जपानी डॉक्टरांनी या आजाराला ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून ‘ताकोत्सुबो’ म्हटलं. मॅरेथॉन धावलेल्या धडधाकट माणसाचंही ट्रोपोनिन काही काळ वाढलेलं सापडतं.

किडनीच्या रुग्णांत ते बारमाही थोडं वर असतं. किडनीतून ते कमी बाहेर पडतं हे एक कारण. पण या रुग्णांचं हृदय जाड झालेलं, ताणलेलं असतं आणि त्याची सतत थोडी झीज होते, हे मोठं कारण. म्हणून ‘किडनीमुळे आहे’ म्हणून तो आकडा झटकून टाकणं मला पटत नाही. ज्यांचं ट्रोपोनिन कायम वर असतं त्यांना पुढे हृदयाचा त्रास होण्याचा धोकाही जास्त असतो. आणि अशा माणसाला खराखुरा अटॅकही येऊ शकतो. तेव्हा 40चे 42 होत नाहीत, 40चे 300 होतात.

दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करताना एकक आधी पाहावं. एकीकडे नॅनोग्रॅम प्रति लिटर, दुसरीकडे प्रति मिलिलिटर असेल तर 14 आणि 0.014 एकच. ट्रोपोनिन आय आणि टी यांच्या आकड्यांची तर तुलनाच होत नाही. आणि ईसीजीत मोठी वाहिनी पूर्ण बंद पडल्याची खूण स्पष्ट असेल, तर या रिपोर्टसाठी कोणी थांबत नाही. रुग्णाला थेट कॅथलॅबमध्ये नेतात.