फोन उत्तम, तरी मनाला चुटपुट का?

साताऱ्याजवळच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचे उदाहरण घेऊ. त्यांचा फोन चार वर्षांचा जुना आहे. दुपारी दोनलाच बॅटरी उतरते, आणि मुलांचे फोटो काढायला गेले की ‘मेमरी फुल’ची सूचना येते. बाई वीस हजारांच्या आत नवा फोन घेतात. फोन नीट चालतो, कुठे हँग होत नाही. तरी आठवडाभराने त्यांच्या मनात येते, ‘तो दुसराच घ्यायला हवा होता.’ वस्तू चांगली असूनही लागणाऱ्या या चुटपुटीचे कारण फोनमध्ये शोधून सापडत नाही. ते निर्णयाच्या वाटेवर कुठेतरी असते.

ती वाट एंगल, कोलाट आणि ब्लॅकवेल या अमेरिकी अभ्यासकांनी 1968 मध्ये आपल्या ग्रंथात मांडली. पुढे पाठ्यपुस्तकांत तिचे पाच टप्पे रूढ झाले : गरजेची जाणीव, माहितीचा शोध, पर्यायांची तुलना, प्रत्यक्ष खरेदी आणि खरेदीनंतरचा अनुभव. मीठ-साखर घेताना आपण हे सारे टप्पे चालत नाही, हात सवयीने नेहमीच्या पुडीकडे जातो. पंधरा-वीस हजारांच्या आणि रोज हाताळायच्या वस्तूसाठी मात्र बहुतेक माणसे ही वाट थोडीफार चालतातच.

बाईंची गरज स्पष्ट होती : दिवसभर टिकणारी बॅटरी आणि भरपूर जागा. नुसती बॅटरीच थकली असती, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती बदलून भागले असते. हा प्रश्न पहिल्याच टप्प्यावर विचारायचा असतो, आणि नव्या फोनच्या जाहिराती पाहिल्यावर तो हमखास विसरला जातो. मग माहिती गोळा होते : भाचा सांगतो, सहकारी सांगतात, यूट्यूबवर परीक्षणे पाहिली जातात. परीक्षण करणारा एका फोनची तुलना दुसऱ्या फोनशी करतो. तुमचा दिवस कसा जातो, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे मुळात यादीत नसलेली गोष्ट, उदाहरणार्थ रात्रीच्या फोटोंचा दर्जा, या टप्प्यावर हळूच यादीत शिरते.

खरी गोम तिसऱ्या टप्प्यात आहे, तिथे जरा थांबू. बाईंपुढे शेवटी दोन फोन उरले. पहिला हलका आणि उत्तम कॅमेऱ्याचा, दुसरा मोठ्या बॅटरीचा आणि दुप्पट जागेचा, पण वजनदार. किंमत जवळपास सारखी. घरी बसून बाईंनी प्रत्येक गुणाला महत्त्व दिले : बॅटरीला 4, जागेला 3, कॅमेऱ्याला 2, हलकेपणाला 1. मग प्रत्येक फोनला त्या-त्या गुणासाठी दहापैकी गुण दिले. पहिल्याला बॅटरीचे 6, जागेचे 5, कॅमेऱ्याचे 9 आणि हलकेपणाचे 8. दुसऱ्याला याच क्रमाने 9, 8, 6 आणि 4. गुणाला महत्त्वाने गुणून बेरीज केली, तर पहिला फोन 65 वर थांबतो आणि दुसरा 76 वर जातो. म्हणजे दुसरा घ्यावा.

आता दुकानात जाऊ. तिथे झगझगीत उजेड आहे, विक्रेता पहिल्या फोनने बाईंचाच फोटो काढून दाखवतो. दुसरा फोन हाताला जड लागतो. बॅटरी किती टिकते हे दुकानात पाच मिनिटांत दिसत नाही. कॅमेरा मात्र लगेच दिसतो. बाईंच्याही नकळत महत्त्वाचे आकडे बदलतात : कॅमेरा 5, बॅटरी 2, जागा 2, हलकेपणा 1. फोनचे गुण तेच ठेवून पुन्हा बेरीज करा. पहिला 75, दुसरा 68. दोन्ही फोन तसूभरही बदलले नाहीत, तरी निकाल उलटला. बाई पहिला फोन घेऊन घरी येतात, आणि शाळा सुरू झाली की महत्त्वाचे आकडे पुन्हा जुन्या जागी जातात. दुपारी चारला बॅटरी लाल होते, तेव्हा त्यांना 76 गुणांचा फोन आठवतो. माझ्या मते फोनबाबतच्या बहुतेक चुटपुटीचे मूळ हेच आहे : घेताना एका मापाने मोजले, वापरताना दुसऱ्या.

पण माप चुकले नसते तरी थोडी बेचैनी राहिलीच असती. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये याचा सिद्धांत मांडला. एक पर्याय निवडला, की सोडलेल्या पर्यायाचे गुण आणि निवडलेल्याचे दोष मनात एकत्र राहतात आणि टोचतात. दोन पर्याय जितके तुल्यबळ, तितकी टोचणी जास्त. ती कमी करायला मन स्वतःच कामाला लागते. जॅक ब्रेम यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्त्रियांनी घरगुती उपकरणांना गुण दिले आणि त्यांतल्या दोहोंपैकी एक भेट म्हणून निवडले. निवडीनंतर पुन्हा गुण विचारले, तेव्हा घेतलेली वस्तू त्यांना आधीपेक्षा चांगली आणि सोडलेली आधीपेक्षा कमी वाटू लागली होती. नवा फोन घेतलेला माणूस त्याच फोनची कौतुके शोधून वाचतो, चारचौघांना तोच घ्यायला सांगतो, ते यामुळेच.

ही टोचणी आणि खरी निराशा यांत फरक आहे, आणि तो ओळखता येतो. आपण फोनच्या तक्रारी सांगतो तेव्हा वाक्यात दुसरा फोन येतो का, ते पाहावे. ‘त्याचा कॅमेरा याहून बरा होता’, ‘तोच काल हजाराने स्वस्त झाला’ असे म्हणत असू, तर ती टोचणी आहे. किमती पाहणे थांबवले, की बहुधा ती काही आठवड्यांत ओसरते. ‘दुपारीच बंद पडतो’, ‘बोलताना आवाज तुटतो’ असे म्हणत असू, तर अपेक्षा आणि अनुभव यांत खरेच अंतर पडले आहे. तेव्हा मनाची समजूत घालण्यात अर्थ नाही, दुरुस्ती किंवा बदली मागायला हवी.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी महत्त्वाचे आकडे कागदावर लिहावेत आणि पैसे देण्याआधी तो कागद पुन्हा वाचावा. दुकानात पसंती बदलली, तर त्या दिवशी खरेदी करू नये. घरी परतून, दुसऱ्या दिवशीही नवेच आकडे योग्य वाटले तर जरूर घ्यावा. कधीकधी हातात घेतल्यावरच वजन किती खुपते ते कळते, आणि तेव्हा घरचा कागदच चुकलेला असतो.

आणखी एक गोष्ट खरेदीआधीच माहीत हवी. नुसते मन बदलले म्हणून चांगला फोन परत घेण्याचे बंधन आपला कायदा दुकानदारावर घालत नाही, आणि ऑनलाइन विक्रीतही फोनला बहुधा दोष असेल तरच बदली मिळते. सदोष वस्तूची गोष्ट वेगळी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत आणि दिली नसेल तर 30 दिवसांत सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल जपून ठेवा. दाद मागण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.