एकाच गावाचे चार स्तंभ

समजा, तालुक्यात मोफत नेत्रतपासणी शिबिर झालं आणि 120 जणांनी नाव, वय, गाव अशी नोंद केली. पुढचं शिबिर जिथून जास्त लोक आले त्या गावात घ्यायचं, असं ठरलं. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करून स्तंभालेख काढला, तर सर्वांत उंच स्तंभ कासारवाडीचा निघाला: 31. आलेख दिसायला स्वच्छ, पण उत्तर चूक.

खाली नीट पाहिलं तर ‘वडगाव बुद्रुक’ हे नाव दोनदा दिसतं, एकदा 17 आणि एकदा 12. शेजारी ‘वडगांव बुद्रुक’ 8 आणि ‘वडगाव बु.’ 7. एकाच गावची ही 44 माणसं चार स्तंभांत वाटली गेली, म्हणून पहिल्या क्रमांकाचं गाव मागे पडलं. हाच आलेख ‘पहिली पाच गावं आणि इतर’ असा काढला, तर यातले छोटे तुकडे ‘इतर’मध्ये जातात आणि चूक डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून आधी सगळे स्तंभ काढून बघावेत.

अक्षरन् अक्षर सारखं असलेलं नाव दोनदा का यावं? कारण नोंद करणाऱ्यानं नावानंतर स्पेसबार दाबला होता. आपल्याला ती मोकळी जागा दिसत नाही. संगणकाच्या लेखी मात्र तेही एक चिन्हच. शंका आली की लांबी मोजावी. =LEN(A2) हे सूत्र ‘वडगाव बुद्रुक’साठी 13 दाखवतं, कारण त्यात काना, उकार, हलन्त आणि मधली मोकळी जागा वेगवेगळी मोजली जाते. शेवटी स्पेस असेल तर 14. पण अनुस्वार असलेल्या ‘वडगांव बुद्रुक’ची लांबीही 14च भरते! म्हणजे नुसत्या लांबीवरून दोष कुठला ते कळत नाही. त्यासाठी शेवटच्या चिन्हाचा क्रमांक विचारावा:

```
=UNICODE(RIGHT(A2,1))
```

उत्तर 2325 आलं तर शेवटी ‘क’ आहे. 32 आलं तर साधी स्पेस. 160 आलं तर ती वेगळीच स्पेस आहे, ओळ तिथे तुटू नये म्हणून वापरतात ती. वेबपानावरून मजकूर उचलून चिकटवला की ती बरोबर येते. हा फरक महत्त्वाचा, कारण एक्सेलचं TRIM फक्त 32 काढतं, 160ला हात लावत नाही. ‘TRIM केलं तरी स्तंभ दोनच’ अशी तक्रार येते तेव्हा बहुधा हेच कारण असतं. म्हणून आधी 160च्या जागी साधी स्पेस घालायची आणि मग TRIM करायचं:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

हे सूत्र नव्या रकान्यात लिहावं. मूळ रकाना तसाच राहू द्यावा, म्हणजे कुठल्याही नोंदीवर बोट ठेवून आधी काय होतं ते पाहता येतं.

आता ते दोन स्तंभ एक होऊन 29 झाले. राहिलं शुद्धलेखन. ‘गांव’वरचा अनुस्वार 1962च्या नियमांनी गेला, तरी अनेकांच्या हातातून अजून गेलेला नाही. त्यावर TRIM काही करू शकत नाही. इथे दोन रकान्यांची छोटी यादी करावी: डावीकडे लोकांनी लिहिलेलं प्रत्येक रूप, उजवीकडे आपण ठरवलेलं एकच रूप. मग VLOOKUP लावून नवा रकाना भरायचा. ओपनरिफाइनसारखं साधन मिळतीजुळती नावं गटानं समोर ठेवतं, पण ती जोडायची की नाही हे तालुका ओळखणाऱ्यानंच ठरवावं. वडगाव आणि वाडेगाव ही यंत्राला जवळची वाटतील, पण ती निरनिराळी गावं असू शकतात.

जोडण्याची खरी परीक्षा बुद्रुक आणि खुर्दपाशी होते. ‘बु.’ म्हणजे बुद्रुक, ते निर्धास्त जोडता येतं. आपल्या नोंदींत ‘वडगाव खुर्द’चे 9 जण आहेत; ते गाव वेगळं, ते वेगळंच राहील. आणि पाच जणांनी नुसतंच ‘वडगाव’ लिहिलंय. मोठं गाव म्हणून ते बुद्रुकमध्ये टाकण्याचा मोह होतो, पण त्याला आधार नाही. नोंदीत फोन नंबर असेल तर विचारावं. नसेल तर ‘वडगाव, खुलासा नाही’ असा पाचांचा वेगळा स्तंभ ठेवावा.

शेवटी #N/A सोडून बाकी सगळ्या स्तंभांची बेरीज करावी. ती आधीही 120 होती, आताही 120च यायला हवी. कमी आली तर एखादं रूप यादीत घालायचं राहिलंय आणि VLOOKUPनं तिथे #N/A दिलंय. बेरीज जुळली की आलेखात वडगाव बुद्रुक 44, कासारवाडी 31, वडगाव खुर्द 9 असं दिसेल. ते पाच जण खुर्दचे निघाले तरी खुर्द 14वरच थांबतं, त्यामुळे शिबिर कुठे घ्यायचं याचं उत्तर बदलत नाही.