चौदा पूर्ण झाली का? दातांना विचारून पाहू

बैलबाजारात वय कुणी कागदावर विचारत नाही. बैलाचा जबडा उघडला की कळते : अदंत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला आहे. माणसाच्या लेकराचे वयही दातांवरून काढता येते आणि तत्त्व तेच आहे. दुधाचे दात पडून पक्के दात ठरलेल्या क्रमाने येतात, म्हणून क्रम ओळखला की वयाचा अंदाज येतो. फरक इतकाच की लेकराच्या बाबतीत उत्तर सरकारी कागदावर लिहायचे असते. त्यामुळे दात काय सांगतात याइतकेच काय सांगत नाहीत हेही ठाऊक हवे.

एक प्रसंग घेऊ. तो रचलेला आहे, पण असा प्रश्न कुठेही उभा राहू शकतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्गजवळच्या एका ढाब्यावर ताटे विसळणारा एक मुलगा आहे. काळ 2025 च्या दिवाळीनंतरचा. ढाबेवाला म्हणतो, "चौदा पूर्ण झालीत त्याला." आई म्हणते, "दुष्काळात झाला, जनावरं छावणीत होती तवा." घरी जन्मलेला, जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखलाही नाही. बालकामगार कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला असे कामाला ठेवता येत नाही. वयाचा दाखला नसेल आणि वाद पडला, तर निरीक्षकाने प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावा, असे 1986 च्या त्या कायद्यातच लिहिले आहे.

आईचे उत्तर टाकून देण्यासारखे मुळीच नाही. धाराशिव जिल्ह्यात लोक वय असेच सांगतात. किल्लारीच्या भूकंपाच्या साली झालेला म्हणजे 1993 चा, लातूरला रेल्वेने पाणी आले त्या साली झालेला म्हणजे 2016 चा. अडचण अशी की दुष्काळ दोन पडले : एक 2012-13 चा आणि दुसरा 2015-16 चा. पहिला धरला तर मुलगा बारा-तेरा वर्षांचा, दुसरा धरला तर नऊ-दहाचा. ढाबेवाल्याचे चौदा वेगळेच. आता तोंड उघडू.

पहिली पायरी मोजणीची, तिला बॅटरी आणि छोटा आरसा पुरतो. दुधाचे वीस दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ताही लागत नाही. पुष्कळ आया तिला दुधाचीच दाढ समजतात आणि म्हणून किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. त्याच सुमारास पुढचे पटाशीचे दात बदलायला लागतात आणि साडेआठ-नऊपर्यंत आठही बदलून होतात. मग वर्षभर जवळजवळ शांतता असते, नवीन काही येत नाही. दहाच्या आसपास पुन्हा हालचाल सुरू होते. दुधाच्या दाढा पडून त्यांच्या जागी उपदाढा येतात, सुळे बदलतात, आणि बाराच्या आसपास सर्वांत मागे दुसरी पक्की दाढ हिरडी फोडते.

आपल्या मुलाच्या तोंडात पटाशीचे आठही पक्के, चारही पहिल्या दाढा पक्क्या. सुळे चारही आलेले. उपदाढा सात. खाली उजवीकडे एक दुधाची दाढ मात्र अजून रोवून बसली आहे. खालच्या दोन्ही दुसऱ्या दाढा वर आल्या आहेत. वरच्या दोन्हींचे नुसते टोक हिरडीतून दिसते, जेमतेम तांदळाएवढे.

एवढ्यावरून नऊ-दहाचा मुलगा बहुतेक बाद होतो. त्या वयात उपदाढा जेमतेम यायला लागतात आणि दुसऱ्या दाढेचा मागमूस नसतो. म्हणजे आईच्या दोन दुष्काळांपैकी पहिलाच बसतो. दातांचा हाच उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ते जन्मतारीख देत नाहीत, पण माणसांनी सांगितलेल्या दोन गोष्टींतली कोणती शक्य आहे ते सांगतात.

पण ती एक अडून बसलेली दुधाची दाढ? तिच्यामुळे वय कमी धरायचे का? नाही. हिरडीतून दात वर येणे ही गोष्ट बाहेरच्या कारणांनी पुढेमागे होते. दुधाची दाढ किडीमुळे फार लवकर काढली, तर वरचे हाड आणि हिरडी टणक होऊन खालचा पक्का दात उशिरा येतो. तीच दाढ पक्का दात तयार होत आल्यावर गेली, किंवा तिच्या मुळाशी पू होऊन हाड खाल्ले गेले, तर खालचा दात वेळेआधी वर येतो. जागा नसेल तर दात आडवा अडकून राहतो. म्हणून एका बाजूच्या एका दातावर भरवसा ठेवायचा नाही, डावी-उजवी आणि वर-खाली जुळवून पाहायचे. मुली मुलांपेक्षा काही महिने पुढे असतात, सुळ्यांच्या बाबतीत जवळजवळ वर्षभर. हे लक्षात न घेता एकच तक्ता दोघांना लावला तर चूक तिथेच होते.

म्हणून दुसरी पायरी एक्स-रेची. सगळा जबडा एका फिल्मवर दाखवणारा एक्स-रे असतो, त्याला दवाखान्यात ओपीजी म्हणतात. लहान गावात तो मिळत नसेल तर शहर गाठावे लागते. त्यात दिसते ते हाडाच्या आत चाललेले काम, आणि कीड, जागा, हिरडी यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. दात वरून खाली बांधला जातो : आधी माथ्याचे उंचवटे, मग पूर्ण माथा, मग मूळ लांबत जाते आणि शेवटी मुळाचे टोक बंद होते. दात तोंडात दिसतो तेव्हा त्याचे मूळ अर्ध्याहून अधिक झालेले असते, पण टोक उघडेच असते. ते बंद व्हायला पुढे साधारण तीन वर्षे जातात. म्हणजे तोंडात नवे काही घडत नसते, त्या शांत वर्षातही एक्स-रेमध्ये काम चालू दिसते.

एकही दात न आलेल्या बाळाचेही वय म्हणूनच काढता येते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनच्या शेतकऱ्यांची घरे सापडली. घरांच्या जमिनीखाली दोन रांजणांची तोंडे जुळवून त्यांत पुरलेली लहान मुले होती. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी तिथल्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास केला. इतक्या लहान मुलांच्या बाबतीत जबड्यातल्या दाताचा माथा किती बांधून झाला आहे यावरून वय महिन्यांच्या हिशेबात ठरते. दात इतके अचूक पुढे कधीच बोलत नाहीत. वय वाढते तसा अंदाजाचा पल्ला रुंदावत जातो.

आता आपल्या मुलाचा ओपीजी पाहू. मॉन्ट्रियलचे डेमिर्जियान आणि सहकारी यांनी 1973 मध्ये मांडलेली पद्धत जगभर वापरतात. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूचे सात दात घ्यायचे आणि प्रत्येकाला ए ते एच अशा आठ टप्प्यांपैकी एक द्यायचा. ए म्हणजे माथ्याची नुसती टोके, डी म्हणजे माथा पूर्ण, एच म्हणजे मुळाचे टोक बंद. टप्प्यांना गुण आहेत, बेरीज शंभरापैकी होते आणि तक्त्यावरून तिचे वय मिळते. मुलामुलींचे तक्ते वेगळे.

आपल्या मुलाचे पटाशीचे दोन्ही दात आणि पहिली दाढ एच. सुळा आणि पहिली उपदाढ जी, म्हणजे मुळाच्या भिंती समांतर झाल्या आहेत पण टोक उघडे आहे. दुसरी उपदाढ आणि दुसरी दाढ एफ, म्हणजे मूळ माथ्याइतके लांब झाले आहे, पण टोक नरसाळ्यासारखे रुंद आहे. हाडात अडकलेली ती उजवीकडची उपदाढही फिल्मवर डावीच्या बरोबरीने वाढलेली दिसते. म्हणजे तिला उशीर झाला आहे तो वर यायला, वाढायला नाही. दुधाच्या दाढेचा प्रश्न इथे मिटला. सगळे टप्पे एकत्र धरले तर वय साडेबाराच्या जवळपास पडते.

इथे एक खबरदारी. डेमिर्जियानचे तक्ते फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरून बनले आहेत, ते आपल्या मुलांना जसेच्या तसे बसत नाहीत. धारवाडचे दंतवैद्यक अशिथ आचार्य यांनी 2011 मध्ये भारतीयांसाठी वेगळी सूत्रे मांडली. कोणते तक्ते वापरले हे अहवालात लिहिलेले नसेल, तर त्यातल्या आकड्याला अर्थ राहत नाही. आणि कुठलाही तक्ता वापरला तरी या वयात दोन्ही बाजूंना वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून जास्त सोडावे लागते. म्हणून जाणकार डॉक्टर साडेबारा असे लिहून मोकळा होत नाही, तो अकरा ते चौदाच्या दरम्यान असे लिहितो. ढाबेवाल्याचे चौदा यात टोकाला बसते, अशक्य ठरत नाही, पण आईचा 2012-13 चा दुष्काळ मधोमध बसतो. निर्णय अधिकाऱ्याने दोन्ही शेजारी ठेवून घ्यायचा.

हा वाद नवा नाही. इंग्लंडमध्ये 1833 च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि तेरापर्यंतच्यांचे तास कमी केले, तेव्हाही जन्मनोंदी नव्हत्या. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने हजारभर मुलांची तोंडे तपासून 1837 मध्ये दाखवले की उंचीपेक्षा दातांवरून वय जास्त नीट कळते. त्याच्या हाती एक्स-रे नव्हता, फक्त पहिली पायरी होती.

नऊ, तेरा, चौदा या वयांपर्यंत दात मदत करतात. अठराला मात्र ते हात टेकतात, आणि बालविवाह किंवा पॉक्सोच्या खटल्यात नेमके अठराच हवे असते. सोळाच्या सुमारास दुसऱ्या दाढेचे टोक बंद झाले की जबड्यात वाढणारी एकच गोष्ट उरते, अक्कलदाढ. पाचांतल्या एखाद्याला ती एक तरी नसतेच, पुष्कळांना ती आडवी अडकते, आणि असली तरी तिचे टोक कुणाचे सतराव्या वर्षी तर कुणाचे बाविसाव्या वर्षी बंद होते. अक्कलदाढ दिसली म्हणजे मुलगी अठराची झाली, असे कुणी लिहून दिले तर ते चूक आहे. न दिसणे हाही अठराखालचा पुरावा नाही. तिचे मूळ अर्धेच झालेले असेल तर अठराखाली असण्याची शक्यता बरीच वाढते. टोक बंद असेल तर अठरावर असण्याची शक्यता वाढते. यापलीकडे त्या एका दाढेकडून काही मिळत नाही, म्हणून मनगट आणि गळपट्टीच्या हाडांचे एक्स-रे जोडीला काढतात आणि तरीही दोन वर्षांचा पल्ला उरतो.

2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये क्रम म्हणूनच तसा लावला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांतले काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. दाखला हाती असताना जबडा उघडायला लावणे या क्रमात बसत नाही.