कुंची आणि पत्रातला ‘पण’

माझ्या एका मैत्रिणीचं नि तिच्या सासूबाईंचं नऊ वर्षं धड बोलणं नव्हतं. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. ‘विचार तिला, जेवायला थांबणार का?’ असं मुलाला मध्ये घालून चालायचं. यंदा श्रावणात तिने पत्र लिहायला घेतलं आणि कच्चा खर्डा मला दाखवला.

चार पानं होती. मी ‘पण’ मोजले, अकरा निघाले. ‘माझं चुकलं, पण तुम्हीही…’ अशा वाक्यात सासूच्या कानाला ‘पण’च्या पुढचं तेवढं ऐकू जातं. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा’ हेही काढायला लावलं. त्यातला ‘तर’ वाईट वाटण्यावरच शंका घेतो.

मग मुळाशी गेलो. नातीच्या बारशाला सासूबाईंनी स्वतःच्या इरकली लुगड्याची कुंची शिवून आणली होती. हिने दुकानातला फ्रॉक घातला आणि कुंची पिशवीतच राहिली. बाकीचे राग त्यानंतर साचत गेलेले. ते सगळे एका पत्रात उपसले की पत्राचा जमाखर्च होतो, म्हणून एकच प्रसंग ठेवला.

मायन्यावर आमचं अर्धा तास अडलं. जुन्या रिवाजाने ‘तीर्थरूप’ फक्त जन्मदात्या आईवडिलांना, इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. तिने ‘तीर्थरूप’ लिहिलं. सासूबाई शिक्षिका होत्या, फरक त्यांना कळणारच होता.

शेवटी पत्र एवढंच उरलं:

‘तीर्थरूप आईंना साष्टांग नमस्कार. बारशाला तुम्ही शिवलेली कुंची मी बाळाला घातली नाही. पिशवीतून काढून पाहिलीसुद्धा नाही. तुम्ही दिवसभर काही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. ते माझं चुकलं. कुंची मी जपून ठेवली आहे. यंदा गौरींच्या आदल्या दिवशी मी एकटीच आले तर चालेल का? पुरण तुमच्या हाताखाली शिकायचं आहे.’

मागणी मुद्दाम लहान ठेवली. ‘आता सगळं विसरून जाऊ’ म्हटलं तर समोरच्याला एका दमात नऊ वर्षं पुसावी लागतात. पुरणाला हो किंवा नाही म्हणता येतं. पत्र नवऱ्याच्या हातीही दिलं नाही, कारण तोच निरोप्या झाल्याने तर हे इतकं लांबलं होतं. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर पाच मिनिटांत नणंदेकडे गेलं असतं. पोस्टाने पाठवलं.

जिथे मारहाण, हुंड्याचा तगादा असं काही घडलंय, तिथे सुनेने असं पत्र लिहू नये. तिथे माफी तिने मागायची नसते.

बारा दिवस काहीच आलं नाही. तेराव्या दिवशी फोन आला, नवऱ्याच्या नाही, तिच्या मोबाइलवर. कुंचीचा विषय निघाला नाही. ‘सकाळच्या गाडीने ये,’ सासूबाई म्हणाल्या, ‘आणि डाळ मी भिजवणार नाही, ती तू बघ.’