गर्दीच्या डोक्यावर काय दिसतं?

मोबाइलवर फिरत आलेल्या एका फोटोची कल्पना करा. रात्रीची वेळ, निळ्या जर्सींचा समुद्र, उंचावलेले तिरंगे, हजारो चेहरे. खाली ओळ लिहिलेली: ‘वानखेडे, 2 एप्रिल 2011.’ विश्वचषक जिंकल्याची ती रात्र कोणाला आठवत नाही? बघणाऱ्याचा ऊर भरून येतो आणि फोटो पुढे पाठवला जातो. पण त्याच फोटोत माणसांच्या डोक्यावर, छताच्या आतल्या कडेला, दिव्यांची एक अखंड रांग सगळ्या मैदानाला वळसा घालून गेलेली आहे. एवढा एकच तपशील ती ओळ खोटी ठरवायला पुरेसा आहे. वानखेडेवर त्या रात्री प्रकाश येत होता तो छताच्या वर उभ्या असलेल्या मनोऱ्यांवरून, दिव्यांच्या मोठमोठ्या चौकटींमधून. छताच्या कडेची दिव्यांची माळ तिथे नव्हतीच.

फोटो कुठल्या मैदानातला हे शोधणारे पत्रकार आणि पडताळणी करणारे गर्दीकडे सगळ्यात शेवटी बघतात. कपडे, झेंडे, रंगवलेले चेहरे हे सगळं संघासोबत प्रवास करतं. भारतीय प्रेक्षक निळ्या जर्सीत अहमदाबादला जातो तसाच दुबईला आणि पर्थलाही जातो. छत मात्र जागचं हलत नाही आणि गर्दीने झाकलंही जात नाही. म्हणून नजर आधी वर न्यायची.

छताच्या कडेने दिवे असलेली मैदानं क्रिकेटच्या जगात मोजकीच आहेत. 2009 साली सुरू झालेल्या दुबईच्या मैदानात मनोरे न उभारता गोल छतावरच सुमारे 350 दिवे बसवले गेले. ‘रिंग ऑफ फायर’ या नावानेच ते ओळखले जातात. पर्थचं नवं स्टेडियम तशाच पद्धतीचं आहे. आणि अहमदाबादचं नरेंद्र मोदी स्टेडियम, जिथे छतावर 580 एलईडी दिवे आहेत. आपला फोटो वानखेडेचा नाही हे ठरलं. आता या तिघांपैकी कोणाचा, हे बघायचं.

इथे उपयोगी पडतं ते बसायच्या जागेचं आकारमान. अहमदाबादमध्ये 1 लाख 32 हजार माणसं मावतात, दुबईत साधारण 25 हजार. एवढा फरक असला की फोटो थोडा कापलेला असला तरी तो लपत नाही. मैदानाच्या कडेपासून छतापर्यंत, एका जिन्याच्या रेषेत, डोक्यांच्या किती ओळी आहेत त्या मोजायच्या. अहमदाबादला खालचा मजला आणि वरचा मजला दोन्ही प्रचंड खोल आहेत आणि कॉर्पोरेट बॉक्सचा काचेचा पट्टा मध्ये फिरतो. तिथे समोरच्या बाजूची माणसं ठिपक्यांएवढी दिसतात. दुबईत त्याच लेन्सने घेतलेल्या फोटोत समोरच्या माणसाच्या हातातला झेंडा ओळखू येतो.

पण लेन्सचा भरवसा धरायचा नाही. लांबून झूम करून काढलेल्या फोटोत पुढच्या-मागच्या ओळी एकमेकींना चिकटून येतात आणि छोटं मैदानही अवाढव्य भासतं. म्हणून ओळींची दाटी बघायची नसते, त्यांची संख्या मोजायची असते. आणि शक्य असेल तर त्याच कोनातून काढलेला, जागा निश्चित माहीत असलेला दुसरा फोटो शेजारी ठेवून जिने, बोगद्यांची तोंडं, स्क्रीनची जागा आणि छताचे खांब एकेक करून जुळवायचे. एक ठळक गोष्ट जुळली नाही तर तो फोटो त्या मैदानाचा नाही. उलट, एकच गोष्ट जुळली म्हणून ते मैदान निश्चित होत नाही. हा फरक लक्षात न ठेवल्यामुळेच घाईत चुकीचे निष्कर्ष निघतात.

छताने आणखी एक गोष्ट कळते: काळ. अहमदाबादचं जुनं मोटेरा स्टेडियम पाडून त्याच जागी हे नवं उभं राहिलं. 24 मार्च 2011 रोजी भारताने विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला हरवलं ते जुन्या मोटेरात, दिव्यांच्या मनोऱ्यांखाली. त्या सामन्याचा म्हणून दाखवलेल्या फोटोत वर दिव्यांची माळ दिसली, तर गाव बरोबर आणि वर्ष चूक. नव्या मैदानात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तो फेब्रुवारी 2021 मध्ये. वानखेडेचीही हीच कथा आहे. 2011 च्या विश्वचषकाआधी त्याची पुनर्बांधणी झाली, प्रेक्षकसंख्या सुमारे 45 हजारांवरून 33 हजारांवर आली आणि वर टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचं पांढरं छत आलं. ते छत दिसत असेल तर फोटो 1987 च्या विश्वचषकातल्या भारत-इंग्लंड उपांत्य सामन्याचा असूच शकत नाही, मग खालची ओळ काहीही म्हणो.

आता खुर्च्या. नवशिक्याची नजर आधी खुर्च्यांच्या रंगाकडे जाते आणि नेमकी तिथेच फसते. गर्दीच्या फोटोत खुर्च्या मुळात दिसतातच थोड्या. माणूस बसला की रंग गेला. जिन्यांच्या कडा, कोपऱ्यातले रिकामे ठिगळ, सुरक्षेसाठी मोकळ्या सोडलेल्या ओळी, एवढ्यातच तो शोधावा लागतो. त्यात रात्रीच्या दिव्यांत आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात निळ्याचा जांभळा होतो. उन्हात वर्षानुवर्षं तापलेली लाल खुर्ची गुलाबी पडते, तर छताच्या सावलीतली तिचीच बहीण लालभडक राहते. एकाच मैदानाच्या दोन फोटोंत दोन रंग दिसले म्हणून ती दोन मैदानं होत नाहीत.

तरीही काही ठिकाणी रंग मोलाचा ठरतो, कारण तो मुद्दाम योजलेला असतो. इटलीतल्या मिलानच्या सान सिरो मैदानात चार बाजूंची नावंच रंगांवरून आहेत: लाल, नारिंगी, हिरवी आणि निळी. तिकिटावर तोच रंग छापलेला असतो. म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा रंग दिसला की फोटो कुठल्या बाजूचा हे कळतं. 1990 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी तिथे तिसरा मजला चढवला गेला. तो तीनच बाजूंना आहे, नारिंगी बाजूला नाही. छतावरचे जाडजूड लाल गर्डर ओळखीचे, आणि वरचा मजला नसलेली बाजू कुठली ते दिसलं की कॅमेरा कुठे उभा होता हेही सांगता येतं.

टोकियोच्या नव्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये रंगांचा हेतूच बघणाऱ्याला चकवण्याचा आहे. वास्तुरचनाकार केंगो कुमा यांच्या या मैदानात पाच रंगांच्या खुर्च्या विखरून बसवल्या आहेत. खाली मातकट आणि गडद हिरव्या, वर जाताना फिकट होत पांढऱ्या. पानांतून झिरपणाऱ्या उन्हासारखं ते दिसावं अशी कल्पना. पण परिणाम असा की रिकामं मैदानही लांबून माणसांनी भरल्यासारखं दिसतं. 2021 मध्ये ऑलिंपिक प्रेक्षकांविना झालं तेव्हा हे जगाने पाहिलं. अशा फोटोत ‘खचाखच गर्दी’ लिहिलेलं असलं तर फोटो मोठा करून एकच ठिगळ न्याहाळायचं. खुर्च्यांच्या ठिपक्यांमध्ये अंतर अगदी समान असतं. माणसं कधीच इतकी शिस्तीत बसत नाहीत. कोणी पुढे वाकलेलं असतं, कोणी उभं, कोणी शेजाऱ्याकडे वळलेलं.

गर्दीच्या पलीकडे मैदानाचा तुकडा दिसत असेल, तर आखणीवरून खेळ आणि प्रसंग कळतो. हे सगळ्यात छान दिसतं नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. मधे एकही खांब न येता पुढे झेपावणारं तिथलं छत एकदा ओळखलं की विसरत नाही. याच छताखाली 2008 मध्ये पहिल्या आयपीएलची अंतिम लढत झाली, 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. छत जागा सांगतं. कोणता दिवस ते खालचं गवत सांगतं. कोपऱ्यात पेनल्टी क्षेत्राचा पांढरा चौकोन दिसला तर क्रिकेट बाद. खेळपट्टीभोवती ठिपक्यांनी आखलेलं तीस यार्डांचं वर्तुळ दिसलं तर सामना मर्यादित षटकांचा, कसोटी नव्हे.

खेळपट्टीचा रंगही बोलतो. अहमदाबादला मुख्य मैदानात अकरा खेळपट्ट्या शेजारी शेजारी आहेत, सहा लाल मातीच्या आणि पाच काळ्या मातीच्या. उंचावरून काढलेल्या फोटोत विटकरी आणि राखाडी पट्टे एकत्र दिसले तर तो एक जमेचा पुरावा. पण पाणी मारलेली आणि रोलर फिरवलेली पट्टी गडद दिसते, वापरलेली फिकट पडते, त्यामुळे एकट्या रंगावर शिक्कामोर्तब करायचं नाही.

दिवसाचा सामना असेल तर सावलीही कामाला येते. खेळपट्टी सहसा उत्तर-दक्षिण असते, कारण मावळतीचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांत जाऊ नये. न्यूझीलंडमधल्या नेपियरची खेळपट्टी पूर्व-पश्चिम आहे, आणि 23 जानेवारी 2019 रोजी भारताविरुद्धचा सामना तिथे खरोखरच उन्हामुळे थांबवावा लागला होता. इतरत्र, दुपारी साडेतीनला सुरू झालेल्या सामन्यात ज्या बाजूच्या छताची सावली खेळपट्टीवर आडवी पडत येते ती पश्चिम बाजू. तेवढी दिशा हाती आली की उपग्रहाच्या नकाशावर मैदान फिरवून बघता येतं. वानखेडेच्या पूर्वेला लोकलचे रूळ आहेत आणि पश्चिमेला मरीन ड्राइव्ह, तेव्हा छतावरून डोकावणारी इमारत कुठल्या बाजूची हे ताडून घेता येतं. एक खाचखळगा मुंबईकरांनी लक्षात ठेवावा: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य इथे किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे बाराच्या आसपासची आखूड सावली दक्षिणेला पडते. उत्तरेचा अंदाज त्या वेळच्या फोटोवरून नेहमीच्या सवयीने बांधला तर तो उलटा निघतो.

दिशा ठरवण्याआधी फोटो उलटा केलेला नाही ना, हेही बघायचं. पाटीवरची अक्षरं आणि जर्सीवरचे आकडे आरशातल्यासारखे उलटे असतील तर डावं-उजवं आणि त्यावर बांधलेली पूर्व-पश्चिम सगळी चुकते. अक्षरं मुळीच दिसत नसतील तर उलटा आणि सुलटा, दोन्ही फोटो जागा माहीत असलेल्या फोटोशी लावून बघावे लागतात. आणि ज्या फोटोत नुसते चेहरे आणि झेंडे आहेत, छत नाही, जिना नाही, गवताची एक रेषही नाही, त्याच्या बाबतीत पडताळणी करणारा शेरा मारतो तो एवढाच: ‘ठिकाण ठरवता येत नाही, मूळ न कापलेला फोटो मागवावा.’