भरडधान्याच्या अभ्यासाचे नामकरण

भरडधान्यांवरील विद्यापीठीय अभ्यासाचे नाव ठरवताना आधी पूर्ण नाव लिहावे, मग त्यातून संक्षेप काढावा. पीक कोणते आणि त्यात काय तपासायचे, एवढे तरी पूर्ण नावात हवेच. केंब्रिज विद्यापीठाशी निगडित एका प्रकल्पाचे नाव आहे ‘मिलेट्स अँड न्यूट्रिशनल एन्हान्समेंट ट्रेट्स फॉर आयर्न बायोअव्हेलेबिलिटी’. विषय भरडधान्यांतील लोहाचा. बाजरीच्या दाण्यात लोह असते, पण फायटेट नावाचा घटक ते धरून ठेवतो, म्हणून शरीराला त्यातले थोडेच मिळते.

नुसती आद्याक्षरे घेतली तर MNETIB असे काहीतरी होते. सुरुवातीला स्वर नसल्याने जीभ अडखळते. म्हणून पहिल्या शब्दाची चार अक्षरे आणि पुढच्या शब्दांचे एकेक घेऊन MillNETI, म्हणजे ‘मिलनेटी’, तयार होते. ‘अँड’ आणि ‘फॉर’ गळतात, ते रिवाजाला धरूनच. मात्र शेवटचा B सुद्धा गळतो आणि अभ्यासाचा गाभा तर त्याच शब्दात आहे. त्यामुळे पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव दिलेच पाहिजे.

केंब्रिजच्याच TIGR2ESS या भारतीय शेतीविषयक प्रकल्पात ‘रेव्होल्यूशन’ आणि ‘रिसर्च’ यांचे दोन R मिळून R2 झाले. उच्चार ‘टायग्रेस’ असा सोपा होतो, पण तो 2 कानाला कळत नाही. ऐकून शोधणाऱ्याला वाघीणच सापडेल. म्हणून नाव पक्के करण्यापूर्वी ते एखाद्याला फोनवर सांगावे आणि त्याने काय लिहिले ते पाहावे.