डिलिव्हरी फुकट, पण कधी?

झोमॅटोचं गोल्ड किंवा स्विगीचं वन घेताना डोळ्यांत भरतो तो एकच शब्द: फ्री डिलिव्हरी. या फुकटपणाला तीन अटी असतात. ऑर्डरची किमान रक्कम, अंतराची मर्यादा आणि योजनेत असलेलं हॉटेल. झोमॅटो गोल्डचंच घ्या. १९९ रुपयांच्या वरची ऑर्डर आणि सात किलोमीटरच्या आतलं हॉटेल, अशा अटीवर ही योजना विकली गेली. अटी अधूनमधून बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या पुन्हा वाचलेल्या बऱ्या.

पहिला चकवा किमान रकमेचा. समजा, तुम्हाला १६० रुपयांची एक थाळी हवी आहे आणि डिलिव्हरीचे ३० रुपये लागतात. कर बाजूला ठेवला तर १९० रुपये होतात. ते ३० वाचवायला तुम्ही ६० रुपयांचे गुलाबजाम घेतले की डिलिव्हरी माफ, पण बिल २२० रुपये! गुलाबजाम खायचेच असतील तर हरकत नाही. नसतील तर खिशातून ३० रुपये जास्तच गेले.

अंतर मोजलं जातं ते ॲपमध्ये निवडलेल्या पत्त्यापासून. त्यामुळे कोथरूडच्या घरी फुकट येणारी बिर्याणी हिंजवडीच्या ऑफिसात मागवली की फी लागू शकते. माणूस तोच, मेंबरशिप तीच, पण पत्ता बदलला.

काही हॉटेलं या योजनेत नसतातच. ज्यांची स्वतःची डिलिव्हरीची पोरं असतात, त्यांची फी अनेकदा हॉटेलच ठरवतं. ॲप ती परस्पर माफ करू शकत नाही. म्हणून हॉटेलच्या नावाजवळ मेंबरशिपची खूण आहे का, ते पदार्थ निवडण्याआधीच बघावं.

तिन्ही अटी पाळल्या, तरी बिलातली एकच ओळ शून्य होते. प्लॅटफॉर्म फी मेंबरलाही भरावी लागते. पावसातल्या जादा आकारातून मेंबरना मिळणारी सूट दोन्ही कंपन्यांनी मे २०२५ मध्ये बंद केली. मुंबई-पुण्यात भर जुलैत भजी मागवणाऱ्याला हे चांगलंच जाणवतं. पैसे भरण्याआधी बिलाचा तपशील उघडला, की काय माफ झालं आणि काय नाही ते ओळीओळीने दिसतं.

मग मेंबरशिप परवडते का? समजा, तीन महिन्यांचे १५० रुपये आहेत आणि दर ऑर्डरमागे ३० वाचतात. म्हणजे पाच ऑर्डरींत पैसे वसूल. मात्र त्या पाचही ऑर्डरी तिन्ही अटींत बसायला हव्यात, आणि एरवीही तुम्ही त्या केल्याच असत्या अशा हव्यात. नूतनीकरणाआधी ॲपमधल्या मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी चाळा. तशा पाच सापडल्या नाहीत, तर फी सुटी भरणंच स्वस्त.